साहेब-बिहेब

निवृत्ती ठवकर शिपायाची चौकशी लागली ती चार शब्दांवरून. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी मंगळवारी दुपारी कचेरीत फोन करून विचारलं, "साहेब आहेत का?" निवृत्तीनं गुडघे चोळत उत्तर दिलं, "साहेब-बिहेब कोणी नाही." आणि फोन ठेवला.

मोठ्या साहेबांच्या मते हा वरिष्ठांचा अवमान होता. सिद्ध झाला तर निवृत्तीची बदली डोंगरापलीकडे आंबेखिंडीला होणार होती. निवृत्त व्हायला सहा महिने उरले होते. आंबेखिंडीच्या कचेरीला एकशे चौदा पायऱ्या होत्या आणि निवृत्तीच्या गुडघ्यांनी त्या आधीच मोजून टाकल्या होत्या.

शुक्रवारी चौकशी अधिकारी सोनसळे आले. त्यांची ही आठवड्यातली पाचवी चौकशी. खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चौकशी सुरू झाली.

"चहा-बिहा घेणार का साहेब?" बडेबाबू गिरडकरांनी विचारलं.

"सांगा."

चहा आला, सोबत चिवडाही आला. नुसतं 'चहा' म्हटलं असतं तर चिवडा आला नसता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण फाईलवर घेण्याचं कुणालाच सुचलं नाही.

सोनसळे आत गेल्यावर बडेबाबूंनी निवृत्तीला दाराआड ओढलं.

"मामा, कबूल करा. रागात म्हटलं, माफी मागतो. विषय संपला."

"आंबेखिंड तुमचे गुडघे चढणार का बाबू?"

"अहो, पण तुम्ही 'बिहेब'चा अर्थ सांगत बसलात तर आम्ही सगळे मेलो!"

खरंच होतं ते. मंगळवारी गावाबाहेरच्या विहिरीत बिबट्या पडला होता आणि नऊ जणांची आख्खी कचेरी तो बघायला गेली होती. हजेरीपटावर मात्र सगळे दिवसभर हजर. निवृत्ती एकटाच मागे राहिला, कारण विहिरीकडे चढ आहे.

"बिबट्या-फिबट्याचं नाव काढू नका," बडेबाबूंनी विनवलं. बिबट्याला 'बि' लावता येत नाही, तो आधीच 'बि' असतो. एवढ्या घाबरलेल्या माणसानंही ते बरोबर सांभाळलं, याचं निवृत्तीला कौतुक वाटलं.

आत सोनसळ्यांनी पेन उघडलं. "ठवकर, 'साहेब-बिहेब' म्हणजे काय?"

"साहेब आणि त्यांच्यासारखं दुसरं कोणी."

"पण हे तुच्छतेनं म्हणतात ना? 'मी नियम-बियम मानत नाही', तसं?"

"तसंही म्हणतात. पण आत्ता बडेबाबू तुम्हाला चहा-बिहा म्हणाले. तुम्ही चिवडा खाल्ला, रागावला नाहीत."

सोनसळ्यांनी मिशीवरची शेव झटकली.

"मग नुसतं 'साहेब नाहीत' का नाही म्हणालास?"

निवृत्तीनं दाराकडे पाहिलं. फटीत बडेबाबूंचा एक डोळा होता, त्याखाली टंकलेखक बाईंचा, त्याखाली आणखी दोन. माणूस थकला की खोटं रचायचीही ताकद राहत नाही.

"तसं म्हटलं असतं तर मोठे साहेब म्हणाले असते, 'मग बडेबाबूंना दे.' 'बिहेब' लावलं की पुढचं विचारणं वाचतं. साहेब नाहीत, बाबू नाहीत, ज्याला फोन द्यावा असं कोणीच नाही."

दारातले डोळे एकामागून एक मिटले.

सोनसळे सावकाश पुढे झुकले. "म्हणजे 'बिहेब'मध्ये गिरडकर आले?"

"येऊ शकतात."

"किती जण होते एकूण? आकडा सांग."

"आकडा बसत नाही जी त्यात. 'तीन चहा-बिहा आण' असं कोणी म्हणतं का? मोजलं की 'बिहा' गळून पडतो. नाव नाही, आकडा नाही, म्हणून तर लोक तो शब्द वापरतात."

सोनसळ्यांनी घड्याळ पाहिलं. चारची बस होती. खरं लिहावं तर नऊ जणांच्या नऊ चौकशा, आणि त्या करायला पुन्हा तेच येणार होते. मग त्यांनी लिहिलं : 'सदर शब्द अवमानकारक नसून मोघम आहे. मोघमपणा मोजता येत नसल्याने पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही.'

"आंबेखिंड?" निवृत्तीनं विचारलं.

"रद्द." ते उठले. "ठवकर, एवढं बारीक बोलायला कुठे शिकलास?"

"शिकलो नाही जी. घरी असंच बोलतात."

आनंदाच्या भरात आख्खी कचेरी सोनसळ्यांना बसपर्यंत पोचवायला गेली. निवृत्ती उरलेला चिवडा घेऊन स्टुलावर टेकला आणि त्यानं पाय लांब केले.

फोन वाजला.

त्यानं समोरच्या नऊ रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. 'साहेब आहेत' म्हणावं तर खोटं. 'नाहीत' म्हणावं तर बाबूंना द्या म्हणणार. तिसरं उत्तर त्याच्याकडे होतं, पण त्यासाठी पुन्हा सोनसळ्यांना यावं लागलं असतं, आणि तो माणूसही दमलेला होता.

निवृत्तीनं चिवड्यातला शेंगदाणा शोधून काढला. फोन वाजत राहिला.