फुगलेलं शटर

बावीस वर्षं मी किचनची शटर, म्हणजे कपाटांची दारं, बसवतोय, पण सरळ शटर लावलं म्हणून बोलणी खाल्ली ती याच घरात.

अकरा शटर अ‍ॅक्रिलिकची होती. हँडल नाही, खाचेत बोटं घालून उघडायची, आणि प्रत्येक फट मोजून तीन मिलिमीटर. बारावं, उंच कपाटाचं, चकचकीत लॅमिनेटचं होतं आणि तिथे माझ्या सुताराने माती खाल्ली. मागच्या बाजूला लॅमिनेट चिकटवायचंच विसरला, म्हणून पंधरवड्यात ते पुढे फुगलं. बिजागरीचे स्क्रू फिरवून फट सरळ होते, फुगवटा जात नाही. निमूटपणे मी नवीन अ‍ॅक्रिलिकचं बसवलं. अगदी आरसा!

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. "आई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीये. लगेच या."

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "यात मी जाड दिसते. जुनं लाव."

"काकू, ते वाकडं होतं!"

"त्यात मी बारीक दिसायचे. तुझं सरळ घेऊन काय करू?"

मी कपाळावर हात मारला आणि फुगलेलं शटर परत आणून बसवलं. काकू खुलल्या. मालक पोटावरून हात फिरवत त्याच्यासमोर आले. "बाकीची अकराही अशीच करून द्या."

भांडायला मी तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच शटरमध्ये मला माझं पोट दिसलं. म्हणजे, दिसलंच नाही.

"करतो," मी म्हणालो. "घरासाठी मलाही एक हवंच आहे."