मशीनचे नऊ लाख

“तू गप्प बस! तुला यातलं काय कळतं?”

दादा हे मला काल मॅडमसमोर म्हणाला. मॅडम म्हणजे आमच्या दुकानाचा हिशेब आणि टॅक्स बघणाऱ्या सीए. मी काय असं वाईट बोललो होतो? एवढंच म्हटलं, “मामा कुठून देणार नऊ लाख? त्याच्या स्कूटरचा मागचा टायर आपण उधारीवर घातलाय.”

बाबा खाली मान घालून बसले होते. मॅडम हसू दाबत होत्या, ते मला दिसलं. दादाला नाही दिसलं. त्याला स्वतःशिवाय काही दिसत नाही.

भानगड अशी. बाबांच्या नावाने इन्कम टॅक्सची नोटीस आली. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये त्यांनी बचत खात्यात बारा लाख रोख भरले, ते कुठून आणले ते पुराव्यानिशी सांगा. बँकेने कळवलंय म्हणे. वर्षात दहा लाखांच्या वर रोख भरली की बँक कळवतेच. उत्तर पटलं नाही तर ती रक्कम बिनहिशेबी धरतात आणि कर, अधिभार सगळं मिळून शंभरातले अठ्ठ्याहत्तर जातात. वर दंड होऊ शकतो तो वेगळा. एकदा मुदत वाढवून घेतली होती. आता परवा शेवटचा दिवस.

आणि त्या पैशांची ठेव केलीय दादाच्या शिक्षणासाठी. त्याला परदेशात प्रवेश मिळालाय. ठेव गेली की दादा घरी. म्हणून साहेब घामाघूम.

“मामाने भेट दिली असं लिहू,” दादा परत म्हणाला. “जुनी तारीख टाकून एक कागद करू. मामा सही देईल, मी बोललोय त्याच्याशी.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मग टॅक्सवाले मामांना विचारतील, तुम्ही कुठून आणले. त्यांचं रिटर्न बघतील, खातं बघतील. त्यात कधी नऊ लाख होते का? आज एका माणसाने उत्तर द्यायचंय, उद्या दोघांनी द्यावं लागेल. शिवाय खोटा कागद मी माझ्या हाताने टॅक्सच्या साइटवर चढवणार नाही. खरं काय ते सांगा. पैसे कुठले?”

“माझेच,” बाबा म्हणाले. “बँकेतून काढले होते. त्याच वर्षी, मे महिन्यात. दोनदा चेक टाकून.”

“मग हे आधी का नाही बोललात?”

“खरं सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार, असं थोरला म्हणाला.”

घ्या. शिकलेलं डोकं!

मॅडमनी बँकेचं स्टेटमेंट उघडलं. मेमध्ये नऊ लाख बाहेर, समोर दिसत होतं. उरलेले तीन लाख दुकानाच्या गल्ल्याचे. तेवढी रोख शिल्लक रोजच्या रोकडवहीत होती, विक्रीची बिलं होती, आणि ती विक्री रिटर्नमध्येही दाखवलेली होती. त्या तीन लाखांचं मॅडमना टेन्शन नव्हतं.

“नऊ लाखांचा प्रश्न वेगळा,” त्या म्हणाल्या. “मेमध्ये काढले, डिसेंबरमध्ये भरले. मधले सात महिने कुठे होते?”

“घरी. लोखंडी कपाटात.”

“ते विचारतील, कशावरून? काढलेले खर्च झाले असतील आणि भरलेले दुसरेच असतील. घरखर्च कशातून चालला?”

स्टेटमेंटवर बोट फिरवत त्यांनीच शोधलं. दर महिन्याला एटीएममधून थोडे थोडे पैसे निघत होते, किराणा, वीजबिल, सगळं त्याच खात्यातून. म्हणजे नऊ लाखांना हात लागला नव्हता. मॅडमनी त्या ओळींना खुणा केल्या. मग विचारलं, “काढले कशासाठी होते?”

मी बोललो. “व्हील अलाइनमेंटच्या मशीनसाठी. माझ्या.”

मी शाळा सोडली त्या वर्षीची गोष्ट. घरात पंधरा दिवस रडारड झाली, आणि मग एका संध्याकाळी बाबा म्हणाले, “बारक्या, नाही ना शिकायचं? मग नीट धंदा कर. मशीन घेऊ. ते तुझं.” आमचं टायरचं दुकान. पंक्चर, जुने-नवे टायर. गाडी एका बाजूला ओढायला लागली की गिऱ्हाईक टायर आमच्याकडून घेतं आणि अलाइनमेंटला दुसरीकडे जातं. मशीन आलं की ते जाणार नव्हतं. एका चष्मेवाल्या गॅरेजवाल्याकडे वापरलेलं मशीन होतं, लिफ्टसकट. त्याला रोखच हवी होती. बाबांनी पैसे काढले आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते मशीन दुसऱ्यालाच कबूल केलं.

“एवढी रोख त्याने घेतली असती तर त्यालाच दंड बसला असता,” मॅडम म्हणाल्या. “असो, व्यवहार झाला नाही. पण मग पैसे लगेच परत का नाही भरले?”

“दुसरं मशीन बघत होतो. हा बघत होता,” बाबांनी माझ्याकडे न बघता हात केला. “आज मिळेल, उद्या मिळेल.”

“आणि डिसेंबरमध्ये?”

बाबांनी घसा साफ केला. “डिसेंबरमध्ये मशीनचा बेत सोडला. थोरल्याच्या शिक्षणाला ठेवले.”

सोडला.

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं मी ‘बघू, बघू’ ऐकत होतो. ठेव झालीय हे आईच्या तोंडून कळलं, तेव्हाही वाटलं, वेगळे पैसे असतील. माझे कपाटात असतील. येडाच मी. आणि मॅडमच्या काचेच्या टेबलासमोर, दादाच्या इस्त्रीच्या शर्टाशेजारी बसून कळतंय, बेत सोडला.

मॅडम वहीत लिहीत होत्या. “तुम्ही मशीन शोधत होता याचं काही आहे का? कोटेशन, मेसेज, काहीही त्या महिन्यांतलं?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. दादानेही बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी आहे असं बघितलं.

“नाही,” मी म्हणालो आणि उठून निघालो.

होतं माझ्याकडे. सगळं होतं. जून ते नोव्हेंबर, पाच जणांशी केलेले मेसेज, मशीनचे फोटो, दोन कोटेशनं. मी काहीच पुसलं नव्हतं.

दुकानात येऊन मी एका ट्रकचा टायर रिमवरून काढायला घेतला. पहार मारताना बरं वाटत होतं. जाऊ देत अठ्ठ्याहत्तर टक्के! मला नाही तर त्यालाही नाही. लहानपणापासून हेच. दुधावरची साय त्याला, कारण त्याचं डोकं चालतं. ‘हळू बोल, दादा अभ्यास करतोय.’ मी तापाने फणफणलो तरी हळू. त्याच्या टेबलाला दिवा आणि माझं अंथरूण त्या दिव्याच्या उजेडात. शाळेत मास्तर म्हणायचे, “तू त्याचा भाऊ? खरंच?” हे एवढं ऐकलंय की एक दिवस दप्तर फेकलं आणि घरी आलो. आणि आता माझ्या मशीनवर बसून हा विमानाने जाणार. जा ना! पोहत जा.

बाबा आले. माझ्या समोर जुन्या टायरवर बसले.

“तुला सांगायला पाहिजे होतं,” ते म्हणाले.

“मग नाही का सांगितलं?”

“तू रोज फोटो दाखवायचास. हे बघा बाबा, हे स्वस्त आहे. तोंड उघडेना माझं.”

“म्हणजे दादाला देताना उघडलं.”

“हो,” बाबा म्हणाले. सरळ हो. मला वाटलं होतं काहीतरी कारण देतील. “त्याची फी एकदम भरावी लागणार होती. तू इथेच होतास. वाटलं, तुझं पुढे बघू. चुकलं ते.” त्यांनी रिमवरचा गंज अंगठ्याने खरवडला. “पण ते पैसे चोरीचे नव्हते रे. तीस वर्षांचे आहेत. कपाटात काय होतं आणि कशासाठी होतं, हे तुझ्याशिवाय कोणी दाखवू शकत नाही.”

मी पहार आपटली. ते उठून हवा भरायला आलेल्या सायकलवाल्याकडे गेले.

दादाने तर पाठच धरली होती. दुपारी मी फोन घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो, तर हा आधीच बाहेर उभा. बाबांनी मेसेजचं सांगितलं असणार, कारण मॅडमनी त्याला सांगून पाठवलं होतं : मेसेज कापून-चिकटवून नकोत, समोरच्याचा नंबर आणि तारखा दिसतील असे पूर्ण हवेत, आणि मूळ मेसेज फोनमध्ये तसेच राहू देत, फोन मागितला तर दाखवता यायला हवा.

“प्लीज,” तो म्हणाला. हा शब्द त्याला येतो हे मला माहीत नव्हतं.

“तुझ्यासाठी नाही देत. बाबा खोटे ठरायला नकोत म्हणून देतोय.”

“चालेल.”

“आणि मामाचं नाव काढलंस तर फोन गटारात टाकीन.”

“नाही काढणार.”

पानं निघायला लागली. पंधरा वर्षांचा मी. ‘काका मशीन ठेवा, बाबा नक्की घेणार आहेत.’ ‘काका पैसे घरात तयार आहेत, फक्त तुम्ही हो म्हणा.’ ‘काका सेन्सर चालू आहेत का, मी येऊन बघू का, सायकलवर येईन.’ ‘काका?’ ‘काका?’

दादा एकेक पान वाचत होता. मी हिसकावून घेतलं. “वाचायला नाही दिलंय, चढवायला दिलंय.”

“एवढं लांब सायकलवर जाणार होतास?”

“गेलो होतो.”

बिल भरायला त्याने पाकीट काढलं, मी आधीच पैसे टाकले होते. माझ्या गल्ल्यातले. त्याच्या पैशाने माझे मेसेज छापायचे? एवढं पण नाही.

संध्याकाळी मॅडमनी आम्हाला उत्तर वाचून दाखवलं. साधी भाषा. मेमध्ये काढले, अमुक कारणासाठी, व्यवहार फिसकटला, रोख घरी ठेवली, दुसरी यंत्रं पाहिली, नंतर बेत सोडून परत भरली. प्रत्येक वाक्यासमोर कोणता कागद, त्याचा क्रमांक. स्टेटमेंट, रोकडवही, बिलं, रिटर्न, कोटेशनं, मेसेज. ‘बेत सोडून’ वाचताना त्या जराशा थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पंख्याला एक पातं वाकडं होतं.

“आता पटेल?” दादाने विचारलं.

“पटावं. पण शब्द मी देत नाही,” मॅडम म्हणाल्या. “एक गोष्ट राहिलीय. पहिला व्यवहार फिसकटला याला फक्त तुमचा शब्द आहे. त्या गॅरेजवाल्याने लिहून दिलं, की हो, मशीनचं बोलणं झालं होतं आणि मी पैसे घेतले नाहीत, आजची तारीख, सही आणि ओळखपत्राची प्रत, तर साखळी पूर्ण होते. उद्या दुपारपर्यंत मिळालं तर उद्याच चढवते.”

बाबांनी चष्मेवाल्याला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. त्याने कट केला. दादाने स्वतःच्या फोनवरून लावला, तोही तसाच.

“त्याचं गॅरेज कुठे आहे?” दादाने विचारलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. सौदा सगळा फोनवर झाला होता. ते कधी गेलेच नव्हते. मीच गेलो होतो. दोनदा.

तर आज सकाळी हे सगळं लिहून काढतोय, कारण डोकं तापलंय आणि कुणाशी बोललो तर भांडण होईल. ज्या माणसाने माझं मशीन दुसऱ्याला कबूल केलं, त्याच्या दारात जाऊन हात जोडायचेत. कशासाठी? दादाला विमानात बसवायला. आईने डबा दिलाय आणि आज साय मला वाढलीय. मी खाल्ली नाही. थोडीशी खाल्ली.

दादा म्हणतोय, मीही येतो, गाडीवर मागे बसतो. मी म्हटलं, “तू गप्प बस, तुला त्या रस्त्यातलं काय कळतं?” पण तो हेल्मेट घालून दारात उभा आहे, उलटं घातलंय.

चष्मेवाल्याकडे ते मशीन अजून आहे का, हे मी विचारणार नाही. विचारीन बहुतेक.

दादा हॉर्न वाजवतोय. मला आता निघायलाच पाहिजे.