एका मजल्याची हवा

मुख्य कार्यालयाचं म्हणणं साधं होतं. टेकडीवरच्या हवामान केंद्रातला हवेचा दाब शेजारच्या केंद्रांपेक्षा गेले काही महिने चार दशांश मिलिबार जास्त येतो, म्हणजे बॅरोमीटर बिघडलाय. तो काढा, आपोआप नोंद करणारं यंत्र बसवा आणि तिथे एकट्याने नोंदी ठेवणाऱ्या बाईंना खाली शहरात आणा. बाईंना शहराचं वावडं नव्हतं. पण तिथे आता ओळखीचं कोण उरलं होतं?

तपासनीस आले ते तान्हं मूल आणावं तशी मांडीवर पेटी घेऊन. पेटीत प्रमाण बॅरोमीटर. तळमजल्याच्या खिडकीशी भिंतीवर बाईंचा बॅरोमीटर टांगलेला होता; त्याच्याशेजारी त्यांनी तो ठेवला, दोन्ही स्थिरावू दिले आणि दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा वाचले. नऊशे अकरा पूर्णांक दोन. इकडेही, तिकडेही.

"बाई, तुमचा गडी ठणठणीत आहे की!"

"मग मला कशाला बोल लावता?"

"हा खरं बोलतोय. गडबड पुढे कुठेतरी आहे."

पुढे होता तक्ता. उंचावर हवेचा दाब कमीच भरतो. तो तसाच नकाशावर मांडला, तर प्रत्येक डोंगरावर वादळ बसल्यासारखं दिसेल. म्हणून ज्याच्या त्याच्या उंचीची भर घालून सगळ्यांना समुद्रसपाटीला आणायचं. तक्ता बरोबर होता, बेरजाही बरोबर होत्या.

"खिळे नवे दिसतात," तपासनीस भिंतीकडे बघत म्हणाले.

बाई चहाचं भांडं विसळायला लागल्या.

तपासनीस पेटी घेऊन जिना चढले. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "नऊशे दहा पूर्णांक आठ!"

खाली येऊन ते म्हणाले, "वाचता तळमजल्याचा दाब आणि भर घालता वरच्या मजल्याची. खाली का आणला?"

"गुडघे."

"वाऱ्याचं यंत्र गच्चीवर आहे. तिथे काय उडत जाता?"

बाई हसल्या, मग हसू आवरलं. "वरच्या खिडकीतून दरी दिसते. सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय? पण ती काही विचारत नाही हो. इथे समोर बसथांबा आहे. बस येईस्तोवर कुणी डोकावतं, 'काय म्हणतोय काटा?' विचारतं. तेवढं मला दिवसभर पुरतं."

तपासनिसांनी घड्याळ पाहिलं. "पुन्हा वर टांगायचा तर दोन खिळे लागतील. इथेच ठेवायचा तर नवी उंची, नवा तक्ता. आणि माझी गाडी चुकणार."

बाईंनी विसळलेलं भांडं पुन्हा विसळायला घेतलं. मागण्याची सवय मोडली होती.

तपासनिसांनी खिशातला उंचीमापक खाली शून्यावर लावला आणि वर नेऊन पाहिला. चार मीटर. पण तोही हवेच्या दाबावरूनच उंची सांगणारा. मजल्याच्या हिशेबाला जाडाभरडाच. मग मोजपट्टी निघाली. बाई वर गेल्या आणि जुन्या खिळ्यांच्या खुणांच्या पातळीला पट्टीचं टोक धरून जिन्याच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. तपासनिसांनी खाली नव्या खिळ्यांच्या पातळीपर्यंत पट्टी ताणली.

"तीन मीटर सहासष्ट! इथेच राहू द्या तुमच्या गड्याला, तक्ता मी करतो. सोडा आता."

बाईंनी टोक लगेच सोडलं नाही. पट्टी ताणलेली होती, आणि खाली तिचं दुसरं टोक कुणीतरी धरलेलं होतं.