पॅनेलवरचं नाव

घोटीच्या पुढे घाटात रस्त्यासाठी कापलेल्या उतारावर शॉटक्रीटचं काम चालू होतं. पाइपातून जोराच्या हवेने काँक्रीट फवारायचं आणि दरड बांधून धरायची. त्याचा क्वालिटी प्लॅन मनालीने लिहिला होता. मिश्रणात सिमेंट किती, जाडी शंभर मिलिमीटर, ती कळायला खडकात ठोकलेले खिळे, खडकावर आपटून उडून पडलेला माल फेकून द्यायचा. शिवाय रोजचं टेस्ट पॅनेल, म्हणजे लाकडी पेटी उतारासारखी उभी ठेवून तिच्यात मारलेला, ताकद तपासायचा नमुना. साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा मनालीबाई जरा हवेतच होत्या.

पॅनेल नेहमी भिमाजी मारायचा. बारा वर्षं नोझल, म्हणजे फवारणीच्या पाइपाचं तोंड, धरलेला माणूस, त्याचा माल उडायचा कमी. पॅनेल झालं की त्याला वरच्या अवघड भागात पाठवत, आणि खालचा उतार नवखा सोमनाथ मारी. त्याचा तिसरा हिस्सा माल पायथ्याशी पडायचा. मनालीला हे दिसत होतं. पण पॅनेलं पास होत होती, मग कशाला उकरून काढायचं?

पुढे पायथ्याशी हातोडी ठोकताना आवाज बद्द आला. तिथला नमुना कापून काढला, तर हातात नुसती वाळू आणि खडी. सोमनाथने उडालेला माल फावड्याने तिथेच लोटून वर दोन बोटं थर मारला होता. खिळे बुडाले होते, त्यामुळे जाडी कागदावर चोख.

प्रोजेक्ट मॅनेजर शौनकने रजिस्टर उघडलं. पॅनेलवरचं नाव तेच दिवसभराच्या कामाचं नाव, अशी मनालीची पद्धत. तिथे तिच्याच अक्षरात भिमाजी होता.

"सर, खालचं त्याने मारलंच नाही."

"मग रजिस्टर खोटं आहे असं सरकारी इंजिनिअरला कळवू? तुमच्या सहीनिशी?"

मनालीने रजिस्टर मिटलं. तिला स्वतःची किळस आली. तरी संध्याकाळी तिने खराब काम भिमाजीच्या नावावर धरून त्याचं नोझलवाल्याचं कार्ड रद्द केलं; त्या कार्डाशिवाय रजिस्टरात नाव लिहिता येत नसे.

सकाळी तो पिशवी घेऊन ऑफिसात आला.

"मॅडम, माझं पॅनेल फेल झालं का?"

"नाही."

"मग माझी चूक काय हाय, तेवढं सांगा."

मनालीने रजिस्टर पुढे ओढलं. तेवढ्यात फोन वाजला. शौनक म्हणाला, पायथा फोडून सोमनाथकडून नव्याने मारून घ्यायचाय, पहिलं पॅनेल बिघडून चालणार नाही, भिमाजी गेला नसेल तर तेवढं मारून घ्या.

मनालीने निरोप जसाच्या तसा सांगितला. दुसरं काही बोलायची तिची लायकी उरली नव्हती.

भिमाजीने पिशवी खाली ठेवली. "मारतो. लय येळ नाय लागायचा. पण नाव कुणाचं लिव्हनार?"

मनालीने पेन उचललं.

"सोमनाथचं," ती म्हणाली.