चारशे बारा साचे

आमच्या दादरच्या ऑफिसात तपासणीचा कागद माझ्या टेबलावर ठेवताना हेमचंद्र सर म्हणाले, "सुमेधा, तू सेफगार्ड आहेस." सर आमच्या फर्मचे थोरले पार्टनर, मी त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काढलेली. आणि आता मी माणूस उरले नव्हते, उपाय झाले होते.

प्रकरण परळच्या एका कंपनीचं. टूथब्रशच्या मुठी बनवतात. ऑडिट आमचं. आमच्याच फर्मच्या सल्लागार विभागाने दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पोलादी साच्यांचं मूल्यांकन केलं. त्या अहवालावरून कंपनीने पुस्तकांत साच्यांची किंमत वाढवली, बँकेने कर्जाची मर्यादा वाढवली. आता तेच पुस्तक आम्ही तपासून 'योग्य आहे' म्हणायचं. आपणच रांधायचं आणि चव बघायलाही आपणच बसायचं. असल्या वेळी नियम सांगतो, सल्ला देणारी टीम वेगळी ठेवा, ऑडिटची वेगळी, आणि दोघींशी संबंध नसलेल्या एका पार्टनरकडून सगळं पुन्हा तपासून घ्या. तो पार्टनर म्हणजे सेफगार्ड, म्हणजेच मी.

तरी मी सरांना विचारलं, "एवढी मोठी रक्कम, त्यात अंदाजही मोठा. मग हे मूल्यांकन आपण करायलाच नको होतं ना? तिथे कुठलाच सेफगार्ड चालत नाही."

"मेमो वाच," सर म्हणाले. मेमोत लिहिलं होतं, 'अंदाजाला फारसा वाव नाही.' जुन्या साच्याची किंमत ठरवताना अंदाजाला वाव नाही! मला हसू आलं आणि रागही आला. सल्ल्याची फी ऑडिटच्या फीच्या दुप्पट, हे मेमोत नव्हतं.

"आणि पूर्वी मी या ऑडिटवर होते, सर."

"सोडून सहा वर्षं झाली. ताजी आहेस तू."

फाईल उघडली. इतकी नेटकी फाईल मी क्वचित पाहिली असेल, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ऑडिटच्या कागदावर लिहिलं होतं, 'साच्यांची संख्या व स्थिती, मूल्यांकन अहवालानुसार.' मी अहवाल काढला. त्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं, 'संख्या ऑडिट झालेल्या नोंदवहीनुसार. आम्ही मोजणी केलेली नाही.'

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा वाचले. टीम खरंच वेगळ्या होत्या. एकीने दुसरीला फोनही केला नसेल. आणि दोघी एकमेकींच्या भरवशावर निवांत होत्या. साचे प्रत्यक्ष कोणी पाहिले, हे दोन्हीकडे कुठेच नव्हतं.

मग मी मागे जात राहिले. चोवीस साल, तेवीस, बावीस. दरवर्षी चारशे बारा साचे. पोलादाचा साचा घासतो, तडकतो, भंगारात जातो. इतक्या वर्षांत एकही गेला नाही? कंपनीने स्वतःची म्हणून लावलेली मोजणीपत्रकंही एकाच कागदाच्या नकला होत्या, नुसती तारीख बदललेली. एकवीस, वीस, एकोणीस. शेवटी अठरा सालचं मूळ पत्रक सापडलं. चारशे बारा हिरव्या टिका, आणि खाली 'प्रत्यक्ष पाहिले.' सही माझी होती.

तो दिवस मला लख्ख आठवला. परळच्या गाळ्याचा दुसरा मजला, अरुंद जिना, भाद्रपदातला उकाडा. हितेंद्र, त्यांचा हिशेबप्रमुख, आमच्याकडेच शिकून गेलेला मुलगा, मला ताई म्हणणारा. आईच्या आजारपणात हॉस्पिटलात डबा घेऊन येणारा. "वर नुसती धूळ आहे, ताई. तुम्ही खाली बसा, मी वरून नंबर वाचतो, तुम्ही टिक करा." मी खाली पंख्याखाली बसले. तो वरून ओरडत होता आणि मी टिका करत होते. वर मी गेलेच नव्हते. मी एकही साचा पाहिला नव्हता.

ओळखीने डोळे कसे मऊ होतात, यावर मी नव्या मुलांना दरवर्षी तासभर बोलते. लाज वाटली मला.

दुपारी हितेंद्रला फोन लावला. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "या वेळी रिव्ह्यूला तुम्ही आहात म्हणे, ताई. बरं वाटलं."

"तुला कोणी सांगितलं?"

"आपलीच माणसं. बोला."

"मला दुसऱ्या मजल्यावरचे साचे बघायचेत. उद्या येते."

मागे मशीनची घरघर येत होती.

"कशाला येताय, ताई? तुमची सही आहे की अठरा सालची." आवाज पूर्वीइतकाच गोड होता. "त्या दिवसाचं मी कधी कुणाला बोललो नाही. यापुढेही नाही बोलणार. तुम्ही फक्त वर यायचं मनात आणू नका."

मी फोन ठेवला. वर काय आहे, किती आहे, कदाचित काहीच नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि त्यात माझी सही अडकली आहे, हेही.

करायचं काय ते मला स्वच्छ माहीत होतं. सरांपुढे जाऊन सांगायचं, मी मोजले नव्हते. सही थांबवायची. बाहेरच्या माणसाकडून मोजणी, बाहेरच्याच मूल्यांककाकडून नवं मूल्यांकन, आणि जुनी वर्षंही उघडायची. त्यात सगळ्यात आधी माझंच नाव उघडं पडणार होतं. लायसन्स, पार्टनरशिप, सगळं.

मी सरांकडे गेले. "सर, मला या रिव्ह्यूवरून काढा. पाया अठरा सालच्या माझ्या मोजणीचा आहे. माझंच काम मी तपासल्यासारखं होईल. शिवाय हितेंद्र ओळखीचा."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. नियमाला धरून होता. सरांनी कौतुकाने मान हलवली. "हेच हवं. असंच लिहून दे."

मी लिहून दिलं. एक पान, दोन धोक्यांची नावं, सभ्य भाषा. दुसऱ्या मजल्याबद्दल एक ओळ नाही. स्वतःला वाचवायला मी नियमांच्याच आड लपले, हे लिहिताना मला पुरतं कळत होतं.

रिव्ह्यू अक्षदाकडे गेला. अक्षदा लालबागच्या चाळीतली, आजोबा गिरणीत, घरातली पहिली सीए. पार्टनर होऊन तिला अजून वर्षही झालं नव्हतं. पोरगी कामाला चोख. तीन दिवसांनी ती फाईल छातीशी धरून माझ्या केबिनमध्ये आली आणि उभ्यानेच बोलली.

"मॅडम, ते साचे. दोन्ही टीमनी एकमेकांवर ढकललंय, बघितलंत ना? मला झोपच नाही आली. म्हटलं, उद्या सरळ परळला जाऊन वर चढते."

मी पेनाला टोपण लावलं.

"मग अठरा सालचं पत्रक मिळालं. तुमचं." तिने पान माझ्यापुढे केलं. "हे तुम्ही स्वतः मोजलंय ना? एवढं सांगा. म्हणजे बाकी मी लिहिते."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडापर्यंत आलंही. समोर तिचा स्वच्छ, विश्वासू चेहरा होता आणि पानावर माझी सही.

"हो," मी म्हणाले.

ती खुर्ची ओढून बसली आणि माझ्याच टेबलावर तिने रिव्ह्यूच्या कागदावर सही केली, पूर्ण नाव, सावकाश.

"बरं झालं तुमची सही होती," उठताना ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाची असती ना, तर मी वर जाऊन बघूनच आले असते."