सात नंबरचा कागद

दोन हजार तेवीस साल. मे महिन्याचा दुसरा आठवडा. तारीखही लक्षात आहे, पण ती सांगितली तर कॉलेज ओळखू येईल, म्हणून सांगत नाही.

मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. तरी एम.एस्सी.च्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून बोलावणं यायचं. त्या वर्षी बोलावलं उन्मेषनं. हा माझाच विद्यार्थी, आता त्या कॉलेजात प्राध्यापक. मंगळवार पेठेतून रिक्षानं निघाले ती खुशीतच. आपल्या हाताखालून गेलेला मुलगा शेजारच्या खुर्चीत परीक्षक म्हणून बसणार, याचा अभिमान कुठल्या मास्तरणीला नसतो?

परीक्षा साधी. बारा मुलं, बारा नंबर. चिठ्ठीत जो नंबर येईल तो कागद. कागदावर एका अनोळखी संयुगाचं रेणुसूत्र, वर रेणूत कुठले गट आहेत ते सांगणारा आयआरचा आलेख, खाली हायड्रोजन कुठं आणि किती ते सांगणारा प्रोटॉन एनएमआरचा. आलेख वाचायचे, संयुग ओळखायचं, कारणं लिहायची. दोन तास, वीस गुण.

लॅबचे जुने शिपाई हंबीरराव चिठ्ठ्यांचा डबा घेऊन फिरले. मुलांनी कागद घेतले आणि पाचच मिनिटांत लेखण्या सुरू झाल्या. मी चकित झाले. आमच्या वेळी असा आलेख हातात आला की मुलं आधी अर्धा तास नुसती बघत बसायची. नखं खायची, खिडकीबाहेर बघायची. एकीनं तर पेन्सिलीचं टोक चावून गिळलं होतं. या मुलांच्या चेहऱ्यावर नावालाही गोंधळ नव्हता.

"काय तयारीची आहेत रे तुझी मुलं," मी उन्मेषला म्हटलं.

तो हसला. हंबीररावही हसले, पण त्यांचं हसणं वेगळं होतं.

शेवटच्या बाकावर मात्र एक मुलगी अजून लिहीत नव्हती. तिनं पट्टी काढली होती. एनएमआरच्या आलेखावर पायऱ्यांसारखी चढत जाणारी रेघ असते, तिच्या प्रत्येक पायरीची उंची ती मोजत होती. कुठल्या पीकखाली, म्हणजे शिखराखाली, किती हायड्रोजन, ते त्या उंचीवरून कळतं. ती मोजायची, मांडायची, खोडायची, पुन्हा मोजायची. मला एकदम बरं वाटलं. अशा मुली मी पस्तीस वर्षं बघितल्या होत्या.

"कोण ती?"

"फरहीन. कुरुंदवाडची. वडील गौसभाई, विजेच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून रिवाइंड करतात. रोज एसटीनं जाऊन येऊन करते. हुशार आहे."

दोन तासांनी पेपर गोळा झाले. उन्मेषनं फाइलीतून उत्तरांची यादी काढली, बाजूला ठेवली आणि तपासायला लागला. एक उत्तर बघायचं, यादीकडे बघायचं, अठरा. पुढचं, एकोणीस. फरहीनच्या पेपरापाशी त्याचा हात थांबला.

"अरेरे. नेमकी इथं घसरली. वीसपैकी तीन."

"तीन?"

"संयुगच चुकलं, मॅडम. आणि हिला कागलच्या एमआयडीसीतल्या औषध कंपनीनं निवडलंय. क्वालिटी कंट्रोलला. साठ टक्के पडले तरच घेणार. ही साठच्या आसपासचीच आहे, गेल्या सेमिस्टरला घरी आजारपण होतं. या सतरा गुणांनी नोकरी गेली तिची."

मी तिचा पेपर ओढून घेतला आणि तिला तोंडीसाठी आत बोलावलं. सोबत तिचा सात नंबरचा कागद समोर ठेवला. झेरॉक्सची झेरॉक्स, कडा काळ्या पडलेल्या, पण पीक स्पष्ट.

"बस. कशी पोचलीस उत्तरापर्यंत, सांग."

तिचा आवाज आधी कापत होता. मग कागदाकडे बघून बोलायला लागली आणि कापणं थांबलं.

"मॅडम, नऊ कार्बन, दहा हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. म्हणजे असंपृक्ततेचे पाच अंश. बेंझिनच्या कड्याचे चार, उरला एक. आयआरमध्ये १७४० पाशी जोरदार पीक, तो कार्बोनिलचा. वर ओएचचा रुंद पट्टा नाही, म्हणून आम्ल नाही. एस्टर वाटतं."

"पुढं?"

"एनएमआरमध्ये ७.३ जवळ पाच हायड्रोजन. म्हणजे कड्यावर एकच फांदी. उरले पाच. त्यात एक सिंगलेट, एकेरी पीक, दोन हायड्रोजनचा, एक तीनचा. पाच, दोन, तीन. इथं दोन शक्यता आहेत, मॅडम. बेंझिल ॲसिटेट किंवा मेथिल फेनिलॲसिटेट. गुणोत्तर दोन्हींचं सारखंच."

"मग?"

"जागा वेगळी. बेंझिल ॲसिटेटमध्ये सीएच-टू हा बेंझिनचं कडं आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये असतो, तो ५.१ ला जाणार. सीएच-थ्री कार्बोनिलला चिकटलेला, तो २.१ ला. म्हणजे दोघं लांब लांब. इथं दोघं शेजारी शेजारी उभे आहेत, ३.६ आणि ३.७. तीनवाला ३.७ ला, म्हणजे तो ऑक्सिजनला जोडलेला, ओसीएच-थ्री. दोनवाला कडं आणि कार्बोनिल यांच्यामध्ये. मेथिल फेनिलॲसिटेटच."

मी कागद डोळ्यांजवळ नेला. पाचवर काही नाही. दोनवर काही नाही. ३.६ आणि ३.७ वर दोन डोकी, खांद्याला खांदा लावून. मुलीचा शब्द न शब्द बरोबर होता.

उन्मेष म्हणाला, "बेंझिल ॲसिटेट आहे ते. यादीत तसंच आहे. इतकी वर्षं सगळी मुलं तेच लिहितात, ती सगळी वेडी?"

"सर, मी यादी बघितली नाही," फरहीन म्हणाली. "कागद बघितला."

"उलट उत्तर देतेस?"

"उन्मेष!" मी टेबलावर हात आपटला. "उलट उत्तर नाही ते, बरोबर उत्तर आहे. तू जरा बाहेर थांब, बाळ."

ती गेली. माझं डोकं तापलं होतं. पाच मिनिटांत लिहायला लागलेल्या अकरा मुलांचं कोडं आता सुटलं होतं.

"हंबीरराव, हे कागद किती वर्षं हेच आहेत?"

हंबीररावांनी उन्मेषकडे बघितलं. मग म्हणाले, "बाई, साहेब इथं आल्यापास्नं हेच बारा हायत. हॉस्टेलच्या पोरांकडं वही हाय की. नंबर एक, अमुक. नंबर दोन, तमुक. शीनियर जाताना जुनियरला देऊन जातोय. कागद कोण बघतंय? नंबर बघत्यात. ही पोरगी हॉस्टेलला न्हाय, तिला वही कोण देणार?"

"म्हणजे जी शिकली तिला तीन, आणि ज्यांनी वही पाठ केली त्यांना अठरा! लाज वाटत नाही तुला?" मी उन्मेषला म्हटलं. "आणि ही यादी तरी कुठल्या शहाण्यानं केली? त्याला दोन आणि पाच यांतला फरक कळत नव्हता?"

उन्मेषनं बाजूची यादी उचलून माझ्यासमोर सरकवली.

अक्षर माझं होतं.

झेरॉक्समध्ये फिकं झालेलं, पण माझंच. उजवीकडे झुकलेलं. 'नंबर ७ : बेंझिल ॲसिटेट'. खाली साल, दोन हजार एक.

मला सगळं आठवलं. त्या वर्षी मी आमच्या कॉलेजसाठी हा संच केला होता. मोठ्या कष्टानं. नमुने कुप्यांत भरून आलेख काढायला बाहेर पाठवायचे, महिनाभर वाट बघायची. त्यात या दोन कुप्या एकाच दिवशी भरल्या होत्या. एकीला मोगऱ्यासारखा वास, तो बेंझिल ॲसिटेटचा. दुसरीला मधासारखा. दोन्ही आलेख परत आले, तेव्हा मी घाईत पाच-दोन-तीन एवढंच बघितलं आणि हाताला आला तो सात नंबरला लावला. दुसरा कपाटात टाकला. मोगरा म्हणून मध लावला आणि बावीस वर्षं तोच चालला. संच चांगला म्हणून इतर कॉलेजांनी झेरॉक्स मारून नेला. उन्मेषही नोकरीला लागताना माझ्याकडूनच घेऊन गेला होता.

"म्हणूनच म्हणतो, मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "राहू द्या. तुमचं नाव आहे यावर. तिला पाच गुण वाढवून देऊ, पास तर होतेच आहे."

"नाव? माझं नाव राखायला तिची नोकरी घालवायची?"

"आणखी एक सांगू? दोन हजार तीनला माझ्या परीक्षेत हाच सात नंबर आला होता. तुम्ही वीसपैकी वीस दिलेत."

"तू कागद वाचला होतास?"

"सीनियरनं सांगितलं होतं."

त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वीसपैकी वीस देताना मीही कागद बघितला नव्हता. नंबर बघितला होता.

"एक कोरा कागद दे," मी म्हणाले.

परीक्षा विभागाच्या नावानं लिहिलं, सात नंबरच्या प्रश्नाची उत्तरसूची चुकीची आहे, ती मी केली आहे, चूक माझी आहे. हा संच यापुढे कुठेही वापरू नये. खाली पूर्ण नाव, सही.

"मॅडम, मागचे निकाल उकरतील."

"उकरू देत."

"माझ्यावर येईल."

"आधी माझ्यावर येईल. एकोणीस दे तिला. एक गुण आयआरच्या छोट्या पीकबद्दल काही लिहिलं नाही म्हणून कापलाय, तो कापायलाच हवा. आणि तोवर या गुणपत्रकावर मी सही करणार नाही. संध्याकाळपर्यंत बसते, मला घरी काही काम नाही."

वीस मिनिटं तो आणि मी समोरासमोर बसलो. हंबीररावांनी न विचारता दोन चहा आणून ठेवले. "साहेब, बाई उठायच्या न्हाईत," ते म्हणाले. "मी गॅस बंद करून कुलूप लावू काय आत्ताच?"

उन्मेषनं तीन खोडून एकोणीस केले, शेजारी सही केली. मग मीही केली. अकरा मुलांचे अठरा-एकोणीस तसेच राहिले. त्यांची उत्तरं बरोबर होती, त्याला मी काय करणार? ते अजून सलतं.

परीक्षा विभागाचं दोन ओळींचं उत्तर आलं, की आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. निकाल कुणीच उकरले नाहीत. उकरले असते तर मला जरा शांत झोप लागली असती.

फरहीनला एकसष्ट टक्के पडले. कागलच्या कंपनीत ती आता दोन वर्षं आहे. गेल्या महिन्यात फोन आला होता. "मॅडम, एक बॅच अडवली मी. लेबल एक होतं, आलेख दुसराच. मॅनेजर ओरडले, मग गप्प झाले." गौसभाईंनी माझ्या मिक्सरची मोटार रिवाइंड करून दिली, पैसे घ्यायला तयार होईनात.

हंबीरराव त्याच वर्षी निवृत्त झाले. जाताना हॉस्टेलची ती वही कुठून तरी मिळवून लॅबच्या बेसिनमध्ये जाळली म्हणे. पोरांनी तिचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

उन्मेष विभागप्रमुख झाला. त्यानं चाळीस नवे कागद केले, दरवर्षी नंबर बदलतो, असं ऐकते. मला पाडव्याला फोन करायचा, तो आता करत नाही.

आणि मला परीक्षेचं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही. कपाट आवरताना मला तो दुसरा आलेख सापडला, खऱ्या बेंझिल ॲसिटेटचा. एक सिंगलेट ५.१ ला, एक २.१ ला. आंधळ्यालाही दिसावेत इतके लांब लांब.