नाकोजी पुन्हा टेबलावर

गॅसगळतीच्या तक्रारी घेणाऱ्या आमच्या कार्यालयात त्याला सगळे नाकोजी म्हणत. यंत्र पिशवीतून बाहेर यायच्या आत तो गळतीची जागा दाखवायचा. मग संसर्गाचा ताप आला आणि वास पार गेला. तेव्हा तो आपणहून साहेबबाईंकडे गेला, मला फोनवर बसवा म्हणाला. दोन महिने माझ्या शेजारी बसला. घरी जे ताटात पडे ते मुकाट गिळायचा. सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं, एवढंच म्हणायचा.

तिसऱ्या महिन्यात वास येऊ लागला. स्वारी खूश. उद्यापासून बाहेर जातो, असं तो प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगत होता. इतक्यात तो थबकला आणि शांतपणे म्हणाला, गॅस आहे, सगळे बाहेर व्हा. आम्ही चाळीस जण रस्त्यावर. फिटर यंत्र घेऊन आत गेला. काटा शून्यावर. उकळत होती ती फक्त कॉफी.

मग हळूहळू घरचं बाहेर आलं. गेले चार दिवस त्याला अंडी, कांदा, टूथपेस्ट, सगळ्यालाच कुजका वास येत होता. शिळं आणतेस म्हणून तो बायकोशी भांडला होता आणि ताजी अंडी कचऱ्यात गेली होती. वहिनी त्याला ओढतच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, आधी नाक गप्प होतं. आता वासाचे तंतू नव्याने वाढताहेत, पण जोडणी अजून नीट नाही, म्हणून मेंदूला भलताच निरोप जातो. बहुधा बरं होण्याचीच खूण, मात्र किती महिने लागतील ते सांगता येत नाही. थंड, सौम्य खा. रोज दोन वेळा गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हुंगा.

म्हणजे दुरुस्ती चालू आहे, असं म्हणत नाकोजी साहेबबाईंसमोर उभा राहिला. "उगाच ओरडलो तर काय बिघडलं? खरी गळती तर सुटणार नाही ना?"

बाईंनी नव्या फिटरांना शिकवण्याच्या दोन बाटल्या काढल्या. एकीत गॅसमध्ये मिसळतात तो उग्र वास, दुसरीत साधं पाणी. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या झाकून पहिली त्याच्या पुढे धरली. मी दोन हात लांब होतो, तरी नाक दाबलं.

"ओलं फडकं," तो म्हणाला. "गोडसर. बरा आहे वास."

बाईंनी चिठ्ठी उघडली. गॅसच्या वासाचीच बाटली होती. मग नाकोजीनेच आपला बाहेरच्या कामाचा अर्ज पुढे ओढला आणि 'बाहेर पाठवू नये' असं लिहिलं.

"तेव्हा मला वास येत नव्हता, हे मला माहीत होतं," तो मला म्हणाला. "आता छातीठोकपणे चुकतोय की रे मी!" आणि पोट धरून हसला. त्याला हसताना पाहून मीही हसत सुटलो.

एवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या आजींना गॅस की गटार, ते ठरवता येईना.

"आजी, मला विचारू नका," नाकोजी म्हणाला. "तुमच्या नाकावर विश्वास ठेवा. कुठलंही बटण दाबू नका, आधी बाहेर या. माणूस यंत्र घेऊन निघालाच."